बसलेला आवाज आणि बावीस तारखेचा मंगळवार

मंगळवार, ८ जुलैच्या संध्याकाळी सातला माझा आवाज गेला. घोगरा वगैरे नाही, पूर्ण गेला. तोंड उघडलं तर फक्त हवा बाहेर येत होती. शुक्रवारी, ११ तारखेला सकाळी अकरा वाजता तासगाव रस्त्यावरच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये चार भागीदारांसमोर मला चाळीस मिनिटं बोलायचं होतं. आधी दोनदा ठरून त्यांच्याच अडचणींमुळे पुढे गेलेली ही बैठक होती, आणि ती या वेळी पुढे ढकलायची पाळी माझ्यावर आली.

थोडी पार्श्वभूमी सांगते. सांगलीत विश्रामबागेत आमचं दोन माणसांचं छोटं ऑफिस आहे. मी आणि माझा सहकारी मिळून कोल्ड स्टोरेजसाठी साठ्याची नोंद ठेवणारी प्रणाली बनवतो. फेब्रुवारीपासून शेतकऱ्यांचा बेदाणा पंधरा-पंधरा किलोच्या बॉक्समध्ये येऊ लागतो, दिवाळीपर्यंत थोडा थोडा सौद्याला जातो. कुणाचे किती बॉक्स कुठल्या चेंबरमध्ये आहेत, कुणी त्यावर बँकेचं तारण कर्ज काढलंय, कुणाचं भाडं थकलंय, हे सगळं अजूनही बऱ्याच ठिकाणी जाड वह्यांत असतं. आमच्या या क्लायंटकडेही तसंच होतं. थोरले मालक, ज्यांना सगळे आण्णा म्हणतात, वहीवर समाधानी होते. त्यांचा मुलगा मात्र समाधानी नव्हता. तासगावचे दोन भागीदार अजून कुठल्याच बाजूला नव्हते. म्हणजे शुक्रवारच्या बैठकीत नुसती प्रणाली दाखवायची नव्हती, आण्णांच्या प्रश्नांना तोंड द्यायचं होतं. त्यासाठी तोंड चालू हवं.

आवाज का गेला ते सरळ होतं. शनिवारपासून सर्दी होती. रविवारी आणि सोमवारी कुपवाड एमआयडीसीतल्या एका गाळ्यात मशीन चालू असताना तिथल्या कामगारांना मी शिकवत होते, आवाज चढवून, दिवसाचे पाच-सहा तास. सर्दीनं स्वरतंतू आधीच सुजलेले, त्यावर हा ताण. बुधवारी सकाळी मिरजेत कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी छोट्या दुर्बिणीतून पाहून सांगितलं की सूज आहे, दुसरं काही नाही. बहुधा विषाणूमुळे झालेलं, म्हणून अँटिबायोटिक दिलं नाही. तीन दिवस अजिबात बोलायचं नाही, त्यानंतरही आठवडाभर जपून. भरपूर पाणी, वाफ. आणि एक गोष्ट त्यांनी बोट उगारून सांगितली: कुजबुजायचंही नाही. मला वाटत होतं की कुजबुजणं म्हणजे आवाजाला विश्रांती. तसं नसतं. जोर लावून कुजबुजताना गळ्यावर ताण येतो आणि बरं व्हायला उलट उशीर लागू शकतो. आवाज साधारण एक-दोन आठवड्यांत परत येतो, तीन-चार आठवड्यांनंतरही घोगरा राहिला तर पुन्हा या, असं म्हणाले. हे आकडे मी वहीत लिहून घेतले, कारण नवीन तारीख त्यांच्यावरच ठरणार होती.

आता मेसेज. तुम्ही म्हणाल, माफीचा मेसेज लिहायला एवढं काय. पण या अडचणीची गंमत अशी की जे करायला हवं नेमकं तेच करता येत नाही. आपल्याकडे सत्तरीच्या माणसाशी ठरवलेली वेळ मोडायची तर फोन करतात. नुसता मेसेज पाठवला तर तो उर्मटपणा वाटतो. "बाईंना फोन करायलाही वेळ नाही" असं आण्णांनी म्हटलं असतं, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही म्हटलं असतं. फोन मला शक्य नव्हता. म्हणून मेसेज मी लिहायचा आणि फोन सहकाऱ्यानं करायचा, असं ठरवलं. त्यात चूक कुठे झाली ते पुढे येईलच.

दवाखान्याच्या बाकावर बसून मी पहिला मसुदा लिहिला. तो असा होता:

"नमस्कार आण्णा, शुभ सकाळ. आशा आहे आपण सर्व कुशल असाल. गेल्या शनिवारपासून मला सर्दी व घशाचा त्रास होत होता. रविवारी व सोमवारी कामानिमित्त बरंच बोलावं लागलं आणि काल संध्याकाळी अचानक आवाज पूर्णपणे बंद झाला. आज सकाळी डॉक्टरांना दाखवलं असता त्यांनी स्वरयंत्राला सूज असल्याचं सांगितलं. त्यामुळे शुक्रवारी सादरीकरण करणे कितपत शक्य होईल याबाबत शंका आहे. पुढच्या आठवड्यात आपल्याला कधी जमेल ते कळवावे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल क्षमस्व."

पाठवण्याआधी सहकाऱ्याला दाखवला. त्यानं वाचून एकच प्रश्न विचारला, "म्हणजे शुक्रवारी जायचंय की नाही?" पोरगं पंचविशीचं आहे, पण प्रश्न बरोबर होता.

व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला की फोनच्या पडद्यावर त्याची पहिली ओळ-दीड ओळ दिसते. आण्णांच्या मुलाला दिवसाला शे-दीडशे मेसेज येतात, त्यात निम्मे "शुभ सकाळ" असतात. माझी ओळही तशीच सुरू होत होती. त्यानं तो मेसेज रात्री उघडला असता तर तासगावच्या भागीदारांनी शुक्रवारची सकाळ माझ्यासाठी मोकळी ठेवली असती. बातमी सहाव्या वाक्यात होती आणि तिथेही "शंका आहे" एवढंच. ही शंका मी का घातली होती ते मला माहीत आहे. आत कुठेतरी वाटत होतं की शुक्रवारपर्यंत आवाज येईल. पण डॉक्टरांनी शुक्रवारपर्यंत बोलायचंच नाही असं सांगितलं होतं. म्हणजे शंका कसलीच नव्हती, मला फक्त "नाही" लिहायचं जिवावर आलं होतं.

दुसरं, आजाराचा इतिहास. सर्दी कधी झाली, कुठे बोलले, हे त्यांना कशाला हवं? उलट "कामानिमित्त बरंच बोलावं लागलं" याचा अर्थ असा निघतो की दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी घसा झिजवला आणि आमच्या वेळी बसला. खरं होतं, पण सांगायची गरज नव्हती.

तिसरं, "क्षमस्व". हा शब्द रस्ता खोदल्यावर पाटीवर लिहितात. "गैरसोयीबद्दल क्षमस्व" वाचून आजवर कुणाला माफी मागितल्यासारखं वाटलंय, हे मला माहीत नाही. "दिलगीर आहे" हा कचेरीचा शब्द, पत्रात चालतो. आण्णांना "माफ करा" हाच शब्द पोचणार होता, तोही एकदाच. चार वेळा माफी मागितली की समोरच्याला आपलं सांत्वन करावं लागतं.

आणि चौथं, "आपल्याला कधी जमेल ते कळवावे". वरवर हे नम्र वाटतं. प्रत्यक्षात मी मोडलेली बैठक पुन्हा जुळवायचं काम त्यांच्या गळ्यात टाकत होते. चार भागीदारांना फोन करून तारीख काढणं हे कष्टाचं काम, ते मुलानं केलं असतं आणि मनात मला नाव ठेवलं असतं. तारीख मीच द्यायला हवी होती.

तारखेवर आमचा अर्धा तास गेला. वहीवर लिहून आणि मान हलवून मी वाद घातला. सहकारी म्हणत होता, "मंगळवारी १५ ला ठेवू, तोवर आठवडा होतोय." मी तेव्हा ठाम नाही म्हटलं. घरात चहा मागण्याइतका आवाज येणं आणि चाळीस मिनिटं सलग बोलण्याइतका आवाज येणं यात बरंच अंतर असतं. त्यात कोल्ड स्टोरेजचं ऑफिस कॉम्प्रेसरच्या खोलीला लागून आहे, तिथे साधं बोलायलाही आवाज थोडा चढवावा लागतो. डॉक्टरांच्या "एक-दोन आठवडे" मधला दोन आठवड्यांचा आकडा धरायचा, एकाचा नाही, असं मी ठरवलं. पहिल्यांदा पुढे ढकललं तर समजून घेतात. त्याच कारणानं दुसऱ्यांदा ढकललं तर प्रणाली राहू दे, मीच भरवशाची नाही असं ठरतं.

मग मी सरळ २८-२९ जुलैवर बोट ठेवलं. पुरेसं अंतर, निवांत. त्यावर सहकाऱ्यानं खिडकीबाहेर पावसाकडे हात केला. सांगलीत जुलैचा शेवट आणि ऑगस्टचा पहिला पंधरवडा यांचा भरवसा कुणी देत नाही. २०२१ चा पूर जुलैच्या शेवटच्या आठवड्यातच आला होता, २०१९ चा ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात. आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं चाळीस फुटांची इशारा पातळी गाठली की गावात कुणी सादरीकरण ऐकायला बसत नाही, सामान वर चढवायला लागतं. क्लायंटचं गोदाम उंचावर आहे, पण त्यांची निम्मी माणसं सांगलीवाडीत आणि नदीकाठच्या गल्ल्यांत राहतात. तेव्हा फार लांबची तारीखही धोक्याचीच.

उरला मधला आठवडा. मुलानं आधीच्या वेळी सांगितलं होतं की सोमवार आणि गुरुवार नको, सौद्यांमुळे घरचं कुणी जागेवर नसतं. मग शनिवार १९ आणि मंगळवार २२ असे दोन दिवस निघाले. आवाज गेल्यापासून पहिला अकराव्या दिवशी, दुसरा चौदाव्या. मला बावीस हवी होती, म्हणून ती आधी लिहिली आणि एकोणीस दुसरी. दोनापेक्षा जास्त पर्याय दिले नाहीत. पाच दिले असते तर चौघांनी चार निवडले असते.

सहकाऱ्यानंच शुक्रवारी जाऊन का दाखवू नये, असाही विचार झाला. मेसेज पाठवायच्या आधी तो प्रामाणिकपणे करायला हवाच, कारण क्लायंटच्या मनात पहिला प्रश्न तोच येतो. प्रणालीची प्रत्येक ओळ त्यानं लिहिली आहे. पण एकाच पावतीवरचे बॉक्स तीन वेळा थोडे थोडे उचलले आणि मधल्या उचलीला बँकेची परवानगी लागली, तर भाडं कसं मोजायचं, हा आण्णांचा पहिला प्रश्न असणार होता. त्यावर त्याला बोलता आलं नसतं. सराव करायला दीड दिवस होता. नको म्हटलं.

शेवटी बुधवारी सकाळी साडेअकराला गेलेला मेसेज हा:

"आण्णा, नमस्कार. शुक्रवारी ११ तारखेला ठरलेलं आपलं सादरीकरण मला पुढं घ्यावं लागतंय. माफ करा. कालपासून माझा आवाज पूर्ण बसलाय आणि डॉक्टरांनी काही दिवस बोलायला सक्त मनाई केली आहे. बाकी तब्येत ठीक आहे, काम सुरू आहे.

नवीन दिवस मंगळवार, २२ जुलै, सकाळी ११ वाजता, आपल्याच ऑफिसात ठेवूया का? तो जमत नसेल तर शनिवार, १९ जुलै, हीच वेळ. दोन्ही दिवस मी आपल्यासाठी राखून ठेवले आहेत. उद्या संध्याकाळपर्यंत कुठला ते कळवलंत तर बरं होईल.

आपण मागितलेला खर्चाचा तक्ता आणि आपल्याच वहीतल्या एका पावतीवरून केलेला नमुना हिशेब शुक्रवारी सकाळी छापून पोचवते, म्हणजे बैठकीआधी सगळ्यांना निवांत बघता येईल. मला फोनवर बोलता येणार नाही, म्हणून माझे सहकारी आज दुपारी आपल्याला फोन करतील. मेसेज मात्र मी स्वतः वाचते आहे."

यातली दोन वाक्यं मी मुद्दाम घातली होती. "बाकी तब्येत ठीक आहे" नसतं तर चौकशी सुरू झाली असती, आणि दोन माणसांच्या ऑफिसातलं एक माणूस आजारी म्हटल्यावर हे टिकतील का, असाही विचार आला असता. दुसरं, शुक्रवारी काहीतरी हातात देण्याचं. त्यांनी तो दिवस आपल्यासाठी ठेवला होता, तो अगदीच रिकामा जाऊ नये. पण हे वचन देताना मी आधी सहकाऱ्याला विचारलं की तक्ता खरंच शुक्रवारपर्यंत होईल का. माफीच्या मेसेजमध्ये दिलेलं नवं वचन मोडलं तर मग तोंड लपवायला जागा उरत नाही.

मेसेज आण्णांना आणि मुलाला वेगवेगळा पाठवला, आणि तासगावच्या दोघांना कळवाल का, अशी मुलाला वेगळी ओळ लिहिली. ग्रुप होता, पण त्यावर टाकला नाही. ग्रुपवर थोरल्या मालकांच्या आधी धाकट्या भागीदाराचं उत्तर येतं आणि मग थोरल्यांना ते मान्य करावं लागतं. घरच्या धंद्यात हे बरं दिसत नाही.

पाच मिनिटांत मुलाच्या नावापुढे निळ्या खुणा दिसल्या. आण्णांच्या पुढे एकच करडी. त्यांचा फोन बंद होता.

दुपारी सहकाऱ्यानं फोन केला. मी समोर बसले होते, हातात वही. काय बोलायचं ते मी त्याला लिहून दिलं नव्हतं. मेसेज वाचलाय म्हटल्यावर तो सांगेल असं मी गृहीत धरलं, आणि हीच चूक झाली. आण्णांनी मेसेज पाहिलाच नव्हता. त्यांनी विचारलं, "काय झालं बाईंना?" हा घाबरून म्हणाला, "आजारी आहेत, मिरजेला दवाखान्यात नेलंय." पुढचं ऐकायच्या आधी आण्णांनी फोन मुलाच्या हातात दिला. मिरजेचा दवाखाना म्हटलं की आमच्या भागात माणूस मोठंच काहीतरी समजतो. संध्याकाळपर्यंत मला तीन ठिकाणांहून "आता कशी आहे तब्येत" असे मेसेज आले. त्यातला एक तासगावहून होता, तिथल्या भागीदाराला मी तोवर कधी भेटलेही नव्हते.

सातच्या सुमारास मी आण्णांना स्वतःचा फोटो पाठवला, ऑफिसातल्या खुर्चीवर, हातात कागद. कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: "ठणठणीत आहे. फक्त बोलती बंद." थोडा पोरकटपणा होता, पण त्यांचं उत्तर दोन मिनिटांत आलं. मुलानं टाइप केलेलं असणार, शब्द आण्णांचेच होते: "हळद दूध घ्या. मंगळवार चालेल. घाई नाही." सांगलीत आवाज बसला की प्रत्येक माणूस हळद सांगतो. शुक्रवारी सहकारी तक्ता द्यायला गेला तेव्हा परत येताना त्याच्या हातात आण्णांनी दिलेली किलोभर हळदीची पिशवी होती.

फोन दुसऱ्यानं करायचा असेल तर त्याच्या हातात तीन वाक्यं लिहून द्यायची, हे मी त्यानंतर पाळलं: बैठक पुढं गेली आहे, फक्त आवाज बसलाय आणि बाकी तब्येत ठीक आहे, मंगळवार २२ किंवा शनिवार १९. त्यापलीकडे काही विचारलं तर "मेसेजवर विचारतो" म्हणायचं.

रविवारी, पाचव्या दिवशी, आवाज परत आला. खरखरीत, पण आला. मला तर शुक्रवारी उगाच ढकललं असंच वाटायला लागलं. बहिणीशी वीस मिनिटं फोनवर बोलले. संध्याकाळी आवाज पुन्हा गेला आणि मंगळवार सकाळपर्यंत आला नाही. मंगळवार म्हणजे १५ तारीख, सहकाऱ्यानं सुचवलेला दिवस. त्या दिवशी बैठक असती तर मला अकरा वाजता दुसरा माफीचा मेसेज लिहावा लागला असता. त्यानं यावर काही म्हटलं नाही, फक्त कॅलेंडरकडे पाहिलं.

त्यानंतर मी बोलणं मोजून केलं. १७ तारखेपासून रोज दहा मिनिटं प्रणाली दाखवायचा सराव, कॉम्प्रेसर आहे असं समजून नाही, नेहमीच्या आवाजात. एक छोटा स्पीकर आणि कॉलरला लावायचा माइक मागवला. शेवटची पंधरा मिनिटं, म्हणजे अहवाल कसे निघतात तो भाग, सहकाऱ्याकडे दिला. तो भाग त्याला माझ्यापेक्षा चांगला येतो, खरं म्हणजे आधीपासून त्याचाच असायला हवा होता. सोमवारी संध्याकाळी मुलाला एक ओळ पाठवली: "उद्या अकरा वाजता येतोय, आवाज आला आहे." एवढंच. माफी पुन्हा मागितली नाही.

बावीसला कॉम्प्रेसर चालूच होता. माइकमुळे पंचवीस मिनिटं निभावली, मग आवाज फाटायला लागला आणि ठरल्याप्रमाणे सहकारी उभा राहिला. आण्णांनी पहिला प्रश्न तोच विचारला, एका पावतीवरच्या तीन उचलींचा. शुक्रवारी छापून दिलेला नमुना त्यांच्या पुढ्यात होता. त्यावर त्यांनी लाल पेनानं दोन ठिकाणी खुणा केल्या होत्या. एके ठिकाणी आमचा हिशेब चुकला होता, उचलीच्या दिवसाचं भाडं दोनदा धरलं गेलं होतं. अकरा तारखेला बैठक झाली असती तर ही चूक पडद्यावरून सरकून गेली असती आणि पहिल्या महिन्याच्या बिलात सापडली असती. आण्णा म्हणाले, "बाई, तुमचा आवाज बसला ते बरं झालं. कागद बघायला सवड मिळाली."